बॅटरी ठणठणीत, पण हॉर्न गप्प

भायखळा पूर्वेकडून कॉटन ग्रीनच्या दिशेनं निघालं की घोडपदेव लागतं. इथल्या बहुतेक गाड्यांना डोक्यावर छप्पर नाही. चाळीसमोर, गोदामाच्या भिंतीला लागून, जिथे जागा मिळेल तिथे त्या उभ्या असतात. बंदर हाकेच्या अंतरावर असल्यानं हवा खारट. त्यात चार महिने पावसाचा मारा समोरच्या जाळीतून थेट आत, आणि हॉर्न बहुतेक गाड्यांत नेमका त्या जाळीमागेच बसवलेला असतो. म्हणून पावसाळ्यात एक तक्रार इथल्या प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते : सेल्फ एका दमात लागतो, हेडलाइट लख्ख आहेत, पण हॉर्न दाबला की काहीच नाही.

अशा वेळी दोन गोष्टी सर्रास होतात. एक तर सरळ नवा हॉर्न बसवला जातो, नाहीतर स्टिअरिंग उघडलं जातं. पहिल्यात पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी, आणि दुसऱ्यात एअरबॅग असलेल्या गाडीत जिवाला धोका. खरं तर एक टेस्ट लॅम्प, एक साधा मल्टिमीटर आणि बटण दाबायला एक माणूस असेल, तर दोष कुठे आहे ते अर्ध्या तासात सांगता येतं. फक्त क्रम नीट हवा.

क्रम कळण्यासाठी आधी हॉर्नपर्यंत करंट कसा जातो ते पाहू. आजच्या बहुतेक छोट्या चारचाकींत हॉर्नचं बटण हॉर्नला थेट करंट देत नाही. मध्ये रिले असतो, आणि त्यामुळे दोन वेगळे मार्ग तयार होतात. छोटा मार्ग असा : बॅटरी, फ्यूज, रिलेमधलं कॉइल, तिथून वायर स्टिअरिंगवरच्या बटणाकडे, आणि बटण दाबलं की ती वायर बॉडीला म्हणजे अर्थला टेकते. या मार्गानं जेमतेम पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट वाहतो. त्यानं कॉइलमध्ये चुंबकत्व येतं आणि रिलेतले पॉइंट टक् आवाज करून जुळतात. मग मोठा मार्ग सुरू होतो : बॅटरी, तोच फ्यूज, रिलेचे पॉइंट, हॉर्नची वायर, हॉर्न, आणि बॉडीतून परत बॅटरीच्या मायनसला. इथे एका हॉर्नला साधारण ३ ते ५ अँपिअर लागतात.

फ्यूज दोन्ही मार्गांना सामाईक आहे, म्हणून तो आधी पाहायचा. त्यानंतर रिले, कारण दोन्ही मार्ग तिथेच भेटतात. रिलेची टक् ऐकू आली की छोटा मार्ग पूर्ण बरा आहे आणि दोष मोठ्या मार्गात आहे. टक् आली नाही की आधी छोट्या मार्गाकडे वळायचं. या एका आवाजावर निम्मी गाडी तपासातून बाद होते. हे न करता जो माणूस आधी वायरी सोलायला बसतो, तो दोष सापडण्याआधी दोन नवे दोष करून ठेवतो.

आता फ्यूज. झाकण उघडण्याआधी गाडीत बसूनच एक काम करा : हझार्डचे दिवे लावून पाहा, ब्रेकचे दिवे पाहा, आतला दिवा पाहा. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा फ्यूज दुसऱ्या कशाशी तरी वाटून घेतलेला असतो, बऱ्याचदा हझार्डशी. कोणाशी ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जोडीदार चालू असेल तर फ्यूज शाबूत आहे. जोडीदारही बंद असेल तर फ्यूज गेलाय हे जवळजवळ नक्की.

फ्यूज उपसून उजेडात धरून पाहण्याची सवय असते, पण त्यापेक्षा टेस्ट लॅम्प खात्रीचा. पात्याच्या फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा, चावी ऑन करा आणि सुईचं टोक आधी एका ठिपक्याला, मग दुसऱ्याला टेकवा. दोन्हीकडे लॅम्प पेटला तर फ्यूज चांगला. एकीकडेच पेटला तर फ्यूज जळलेला. कुठेच पेटला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही, आणि मग शोध फ्यूज बॉक्सच्या मागे न्यावा लागतो. फ्यूज बदलताना त्याच अँपिअरचाच घाला. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. १५ जळतोय म्हणून ३० चा हिरवा घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायला काढणं.

नवा फ्यूज घातला आणि हॉर्न वाजला, तरी तिथे थांबू नका. फ्यूज विनाकारण जळत नाही. दोन-चार दिवस टिकला तर ठीक. लगेच पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय. ती शोधण्याची रीत पुढे सांगतो.

फ्यूज चांगला असेल तर रिलेकडे या. झाकणावरच्या नकाशात हॉर्नचा रिले कुठला ते दाखवलेलं असतं. रस्त्यावरच्या गोंगाटात टक् ऐकू येईलच असं नाही, म्हणून कानापेक्षा बोटावर भरवसा ठेवा. रिलेच्या डोक्यावर बोट ठेवा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. जुळणाऱ्या पॉइंटचा धक्का बोटाला स्पष्ट लागतो. बटण दाबलं की एक, सोडलं की दुसरा. शेजारच्या एखाद्या रिलेवर हात पडून फसगत होऊ नये म्हणून हे दोन-तीनदा करा.

टक् आली तेव्हा पुढे काय करायचं, ते इथल्याच एका टॅक्सीवर पाहू. ही काळी-पिवळी छोटी गाडी रात्री चाळीसमोर उभी राहते. हॉर्न एकच. जुलैच्या पावसात एका सकाळी तो गप्प झाला. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे काही तक्रार नाही. हझार्ड चालू. फ्यूजच्या दोन्ही ठिपक्यांवर लॅम्प पेटला. रिलेची टक् बोटाला लागली. टक् आली तरी आतले पॉइंट काळे पडून करंट पुढे जात नाही असं होऊ शकतं, म्हणून बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले हॉर्नच्या जागी लावून पाहिला. तरीही शांतता.

मग जाळीमागचा हॉर्नचा कनेक्टर काढला, मल्टिमीटरच्या दोन कांड्या त्याच्या दोन टोकांना लावल्या आणि बटण दाबायला सांगितलं. मीटरनं १२.३ व्होल्ट दाखवले. शेजारी उभा असलेला पोरगा लगेच म्हणाला, "काका, करंट तर येतोय. हॉर्नच गेला. नवा टाका." दहापैकी नऊ जणांनी हेच म्हटलं असतं, आणि नवा हॉर्नही तसाच गप्प राहिला असता.

याचं कारण मीटरच्या स्वभावात आहे. मीटर व्होल्ट मोजतो तेव्हा स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीचा एकच धागा शिल्लक असला किंवा जोडाखाली गंजाचा थर असला, तरी एवढ्याशा करंटला तो अडवत नाही आणि मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. हॉर्न मात्र चार-पाच अँपिअर मागतो. मागणी वाढली की तो गंजाचा थर सगळे व्होल्ट स्वतःच गिळून टाकतो. म्हणजे वायर तपासायची तर तिच्यावर ओझं टाकून तपासायला हवी.

हे ओझं म्हणून जुना ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब फार उपयोगी पडतो. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे हॉर्नइतकाच. हॉर्नच्या कनेक्टरला हॉर्नऐवजी हा बल्ब दोन छोट्या वायरींनी जोडायचा आणि बटण दाबायचं. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग, रिले, अर्थ सगळं बरं आणि हॉर्न खराब. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर वायरिंगमध्ये दोष. आणखी एक सोय अशी, की तपासणीत हॉर्न वाजत नाही. घोडपदेवच्या गल्लीत रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपलेली असतात, घरात तान्ही मुलं असतात. त्यांच्या खिडकीखाली पाऊण तास भोंगा वाजवण्यापेक्षा बल्ब बरा. फक्त तो काही सेकंदांत चटका बसेल इतका तापतो, तेव्हा प्लास्टिकपासून आणि बोटांपासून लांब ठेवा.

टॅक्सीला हा बल्ब जोडला तर त्यातली तार नुसती लालसर झाली. दोष वायरिंगमध्ये आहे हे ठरलं. आता बल्ब तसाच जोडलेला ठेवून आणि बटण दाबलेलं ठेवून मीटरची काळी कांडी थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर लावली. लाल कांडी आधी बल्बच्या प्लस बाजूला लावली तेव्हा १२.० व्होल्ट. त्याच वेळी बॅटरीवर १२.२ होते, म्हणजे प्लसच्या सगळ्या रस्त्यात, फ्यूज आणि रिले धरून, फक्त ०.२ व्होल्ट खर्च झाले. तो रस्ता साफ. मग लाल कांडी बल्बच्या मायनस बाजूला लावली. तिथे जवळपास शून्य यायला हवं होतं, आले ८.९ व्होल्ट. बल्बच्या वाट्याला उरले फक्त ३.१. बाकीचे सगळे व्होल्ट हॉर्नपासून बॉडीपर्यंतच्या हातभर काळ्या वायरीत अडकले होते.

हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. करंट वाहत असताना प्लसच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालते. अर्थच्या बाजूला ०.२ च्या वर गेलं की शंका घ्यायची. ज्या बाजूला घट मोठी, त्या बाजूलाच दोष. मग त्या बाजूनं एकेक जोड मागे सरकत मोजत जायचं. ज्या जोडाच्या अलीकडे आकडा मोठा आणि पलीकडे छोटा, तोच जोड खराब.

टॅक्सीची काळी वायर हेडलाइटच्या मागे पत्र्यावर एका बोल्टखाली कसलेली होती. बोल्ट वरून चांगला दिसत होता. तो काढल्यावर खाली पांढरट-हिरवट पावडर निघाली, आणि पत्र्यावर तपकिरी गंजाचं कडं होतं. वायरीचं लग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासले, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट कसला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली कसल्यानंतरच लावायची. तिचं काम पाणी बाहेर ठेवणं एवढंच. परत मोजलं तेव्हा मायनसच्या बाजूला ०.१ आणि प्लसला ११.८ व्होल्ट. बल्बच्या जागी जुनाच हॉर्न जोडला, बटण दाबलं आणि तो पहिल्यासारखा वाजला.

काही हॉर्नना एकच वायर असते. त्यांचा अर्थ त्यांच्या लोखंडी पट्टीतून आणि बोल्टमधूनच जातो. तिथे रंग किंवा गंज आला तरी हाच प्रकार. अशा हॉर्नच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसला एक तात्पुरती वायर टेकवली आणि हॉर्न वाजला, की निकाल लागला. गाडीला दोन हॉर्न असतील आणि दोन्ही एकदम गप्प झाले असतील, तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक भागात. एकच बंद असेल आणि आवाज पातळ झाला असेल, तर आधी त्या हॉर्नचा कनेक्टर पाहा, मग तो हॉर्न.

बल्ब लख्ख पेटला पण हॉर्न वाजत नाही, अशा वेळी हॉर्न उतरवून बॅटरीवर थेट लावून बघा. मध्ये १० अँपिअरचा फ्यूज असलेली वायर घ्या. नुसताच एकदा टक् करत असेल तर आतले पॉइंट चिकटलेत किंवा पडदा गंजलाय. तबकडीच्या हॉर्नच्या पाठीवर एक छोटा स्क्रू असतो. तो पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून आवाज येतो का पाहता येईल, त्यापेक्षा जास्त नको. जास्त फिरवला की हॉर्न करंट जास्त ओढतो आणि पॉइंट जळतात. पाणी गेलेला हॉर्न स्क्रूनं दोन महिने चालतो आणि पुढच्या पावसात परत बंद पडतो, म्हणून तो बदललेलाच चांगला. नवा घेताना कर्णकर्कश किंवा सुरावटीचा घेऊ नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमानं बदलत्या सुरांच्या हॉर्नला मनाई आहे. शिवाय मोठा हॉर्न मूळ फ्यूजला आणि वायरीला झेपतोच असं नाही.

आता टक् येत नाही ती बाजू. रिले सॉकेटमधून काढा. त्याच्या पायांवर किंवा बाजूला ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे कोरलेले असतात. ३० वर फ्यूजमधून करंट येतो, ८७ वरून तो हॉर्नला जातो, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. त्यातल्या एकाला फ्यूजमधून प्लस मिळतो आणि दुसरं बटणाकडे जातं. कुठल्या टोकाला काय, हे गाडीगणिक बदलतं, म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा लॅम्पनं खात्री करून घ्यावी. लॅम्पचा चिमटा मायनसला लावून सॉकेटची घरं तपासली की दोन ठिकाणी तो पेटायला हवा, ३० ला आणि कॉइलच्या एका टोकाला.

मग फ्यूज असलेल्या छोट्या वायरीनं सॉकेटमधली ३० आणि ८७ ही घरं क्षणभर जोडा. हॉर्न वाजला तर फ्यूजपासून हॉर्नपर्यंतचा मोठा मार्ग सगळा बरा, दोष रिले किंवा बटणाच्या बाजूला. हॉर्न वाजला नाही तर मोठ्या मार्गातही दोष आहे आणि वर सांगितलेली बल्बची तपासणी करावी लागेल. सॉकेटच्या घरात जाड सुई किंवा पेचकस खुपसू नका. आतली पत्ती एकदा फाकली की रिलेचा पाय सैल बसतो आणि खड्ड्यागणिक हॉर्न जातो-येतो असा नवाच त्रास मागे लागतो. रिलेच्या पायाइतकीच पातळ पट्टी वापरा.

आता चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि लॅम्पचं टोक कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे बटणाकडे जाणाऱ्या घरावर ठेवा. बटण दाबल्यावर लॅम्प पेटला तर बटण आणि त्याची वायर ठीक, मग रिलेचं कॉइल गेलेलं आहे. रिले बदला. पेटला नाही तर बटणाच्या बाजूला दोष. इथे लॅम्प छोटा, जास्तीत जास्त ५ वॉटचाच घ्या. ही वायर कॉइलपुरत्या करंटसाठीच असते, तिच्यावर हॅलोजन लावायचा नाही. लॅम्प न पेटल्यास दुसऱ्या माणसाला बटण दाबून ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. एखाद्या ठिकाणी लॅम्प लुकलुकला तर क्लॉक स्प्रिंग तुटायला आली आहे. फिरत्या चाकातल्या बटणापर्यंत वायर नेणारी ती गुंडाळलेली चपटी पट्टी असते, आणि वर्षानुवर्षं वळून-वळून ती तडकते. त्याच पट्टीतून एअरबॅगचीही वायर जाते, म्हणून हॉर्न बंद आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला, असं एकत्र दिसलं तर क्लॉक स्प्रिंगबद्दल फारशी शंका उरत नाही.

इथे मात्र घरच्या माणसानं हात आवरायचा. एअरबॅग असलेल्या स्टिअरिंगचं मधलं पॅड उघडू नये, पिवळ्या आवरणाच्या वायरींना लॅम्प किंवा मीटर लावू नये. कारागीरसुद्धा आधी बॅटरीचा मायनस काढून किमान दीड मिनिट थांबतो, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तेवढा वेळ वीज शिल्लक राहते. तुमच्या कारागिरानं हे न करताच पॅडला हात घातला तर त्याला थांबवा. आणि स्वस्तात होतंय म्हणून क्लॉक स्प्रिंगला बगल देऊन डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवून देण्याचा प्रस्ताव आला, तर तो नाकारा. हॉर्न वाजेल, पण तुटकी पट्टी तशीच राहील आणि अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा उरणार नाही.

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत काम सोपं आहे. पॅड उचकटलं की खाली पितळी कडं आणि त्यावर घासणारी पत्ती किंवा कार्बन दिसतो. काळी पडलेली जागा बारीक पॉलिश पेपरनं साफ केली की बहुतेक वेळा काम होतं. तरीही बटण मेलेलंच असेल तर स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाचा रबरी जोड पाहा. रबरातून करंट जात नाही, म्हणून त्याला वळसा घालणारी एक छोटी तार तिथे लावलेली असते. ती तुटली की दांड्याचा अर्थ जातो आणि बटण कितीही दाबलं तरी रिले हलत नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हाची रीत सांगायची राहिली आहे. घालून-घालून फ्यूज संपवण्यापेक्षा हॉर्नचा कनेक्टर काढून ठेवा आणि फ्यूजच्या दोन घरांत तोच ५५ वॉटचा बल्ब जोडा. आता शॉर्ट असला तरी बल्बच्या पलीकडे साडेचार अँपिअरपेक्षा जास्त करंट जाणार नाही, आणि शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल. फ्यूज हझार्डशी वाटलेला असेल तर हझार्ड बंद ठेवा. बटण न दाबताच बल्ब पेटला तर शॉर्ट रिलेच्या आधी, किंवा फ्यूज वाटून घेणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेच्या वायरीत. दाबल्यावरच पेटला किंवा लुकलुकला तर रिले आणि हॉर्नच्या मधल्या वायरीत. दोन्ही वेळा नाही पेटला, तर वायर बरी आणि हॉर्नच आतून शॉर्ट. बल्ब पेटलेला असताना वायरिंगचा जुडगा जागोजागी हळूच हलवत जा. ज्या ठिकाणी हलवल्यावर बल्ब विझतो, तिथेच वायर उघडी पडलेली असते.

ती जागा बहुधा बंपरच्या कोपऱ्यात सापडते, जिथे जुन्या ठोकरीनंतर वायर पत्र्याच्या धारेला घासते आहे. नाहीतर घोडपदेवच्या आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरानं कुरतडलेली असते. रात्री इंजिन गरम असतं आणि उंदीर तिथे ऊब शोधतात. दातांच्या खुणा एका वायरीवर दिसल्या तर बाजूच्याही सगळ्या नीट पाहून घ्या, एकच वायर कुरतडून तो थांबत नाही. तुटलेली टोकं नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका. पावसाच्या पहिल्या सरीत ती सुटते. सोल्डर करून वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा आणि वायर पत्र्यापासून लांब बांधून टाका.

दुचाकीवाल्यांसाठी थोडं वेगळं. बऱ्याच स्कूटर-मोटरसायकलींत रिले नसतो, सगळा करंट हँडलवरच्या बटणातूनच जातो. त्यामुळे तिथे पावसानंतर बटणाचे पॉइंट काळे पडणं हाच पहिला संशय. हॉर्नच्या दोन वायरी काढून त्यांना २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा आणि चावी ऑन करून बटण दाबा. बल्ब मंद पेटला आणि फ्यूज शाबूत असला, की बटण उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुसा आणि पुन्हा पाहा. तरी मंदच राहिला, तर हँडल वळवताना जिथे वायरी वाकतात तिथे, हेडलाइटच्या मागे, आत तुटलेली वायर हातानं चाचपून शोधा. वरचं आवरण अखंड असतं, पण तुटलेल्या जागी वायर एकदम मऊ लागते.